एक कोटी किम आणि त्यांची मूळगावे

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय थोडा दूरचा वाटेल. कोरिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि भ्रमणध्वनी येतात. त्या देशातील माणसांच्या आडनावांकडे पाहण्याचे कारण आपल्याला सहसा पडत नाही. पण कोरियाच्या राजकारणाच्या बातम्या ज्यांनी काही वर्षे नियमित वाचल्या असतील, त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला असेल. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्या देशाचे राजकारण तीन नेत्यांभोवती फिरत होते. किम यंग-साम, किम दे-जुंग आणि किम जोंग-पिल. कोरियन वृत्तपत्रे त्या काळाला 'तीन किमांचा कालखंड' असेच म्हणत. हे एकाच घराण्यातील भाऊबंद असावेत आणि तिकडेही घराणेशाही असावी, असा आपल्या वाचकाचा समज सहज होई. प्रत्यक्षात ते परस्परांचे राजकीय प्रतिस्पर्धी होते, आणि जवळचे नाते त्यांच्यात नव्हते.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. या तिघांपैकी किम दे-जुंग आणि किम जोंग-पिल हे दोघे 'गिम्हे' किम होते, तर किम यंग-साम हे 'गिम्न्योंग' किम होते. किम हे आडनाव झाले; गिम्हे आणि गिम्न्योंग ही मूळस्थाने. कोरियन भाषेत या मूळस्थानाला 'बोनग्वान' म्हणतात. आडनाव तेच, पण मूळस्थान वेगळे, तर कूळ वेगळे. आडनावही तेच आणि मूळस्थानही तेच, तर मात्र एकाच मूळ पुरुषाचे वंशज, म्हणजे आपल्या भाषेत भावकी. मग ते दोघे परस्परांच्या विरोधात निवडणूक का लढवीनात!

ही भावकी केवढी, हे ऐकून आपण थक्क व्हाल. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियात किम आडनावाचे सुमारे १ कोटी ७ लाख लोक निघाले. म्हणजे दर पाच माणसांत एक. त्याखालोखाल ली, सुमारे ७३ लाख. आणि त्यानंतर पार्क, सुमारे ४२ लाख. ही तीन आडनावे मिळूनच देशाची पंचेचाळीस टक्के लोकसंख्या होते. आणि एकट्या गिम्हे किम कुळात सुमारे ४४ लाख ५० हजार माणसे आहेत. ही सारी माणसे कागदोपत्री एका राजाची लेकरे आहेत.

तो राजा म्हणजे सुरो. दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या बुसान महानगराला लागून, गिम्हे नावाचे शहर आहे. तेथे प्राचीन काळी गाया नावाचे राज्य होते. आकाशातून सोन्याची सहा अंडी उतरली, त्यांतील पहिल्या अंड्यातून सुरो बाहेर आला आणि राजा झाला, अशी कथा आहे. किम या अक्षराचा अर्थच सोने. गिम्हेमध्ये त्याची समाधी म्हणून दाखवला जाणारा मोठा मातीचा उंचवटा आहे आणि कुळातील लोक तेथे पूजेला जमतात. ग्योंगजू किम हे दुसरे मोठे कूळ. त्यांचा मूळ पुरुष अरण्यात झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत सापडला, असे ते सांगतात. सोने दोन्हीकडे आहे, मूळ पुरुष मात्र दोन. म्हणून गिम्हे किम मुलाचा ग्योंगजू किम मुलीशी विवाह निर्वेधपणे होतो.

आपल्या श्रोत्यांना सुरो राजाची राणी अधिक परिचित असेल. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातील ग्रंथात, भिक्षू इरयोन याने नोंदवले आहे की, इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' देशाची सोळा वर्षांची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि सुरोची राणी झाली. तिचे नाव हो ह्वांग-ओक. हे आयुता म्हणजे आपली अयोध्या, या श्रद्धेने २००१ मध्ये शरयूतीरी तिचे स्मारक उभारले गेले, आणि २०१८ च्या दीपोत्सवाला कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अयोध्येस आल्या. त्यांचेही माहेरचे आडनाव किमच. या कथेचा आपल्याला आनंद वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण पत्रकार म्हणून मला हेही सांगितले पाहिजे की ही नोंद घटनेनंतर सुमारे बाराशे वर्षांनी लिहिलेली आहे, आणि आयुता म्हणजे नेमके कोणते स्थान, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पहिल्या शतकात अयोध्या 'साकेत' या नावाने अधिक ओळखली जात होती, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तेव्हा या कथेवरून इतिहास सिद्ध झाला, असे मी म्हणणार नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. परंपरा सांगते की राणीने आपले नाव चालावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि राजाने दोन पुत्रांना आईचे 'हो' हे आडनाव दिले. त्यामुळे गिम्हे किम आणि गिम्हे हो या दोन कुळांत, आडनावे वेगळी असूनही, पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत नव्हती. ज्या कथेचा इतिहास संशयित आहे, त्या कथेने खऱ्या माणसांचे खरे विवाह अडवले. कुळाची ताकद असते ती अशी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इतक्या माणसांना इतकी थोडी आडनावे का? याचे उत्तर शोधताना आपल्या कोल्हापूरकडे पाहिले तर फार सोपे जाते, कारण आपल्याकडे नेमके उलटे घडले.

कापशीचे घोरपडे घ्या. घोरपडे हे मूळचे भोसलेच, अशी परंपरा आहे. खेळणा किल्ल्याचा, म्हणजे आपल्या विशाळगडाचा, कडा घोरपडीच्या साहाय्याने चढून जाण्याच्या पराक्रमावरून ते नाव पडले, असे सांगतात. कथा किती खरी हा मुद्दा बाजूला ठेवू. एका शाखेने पराक्रम केला आणि तिचे आडनावच बदलले, हे आपल्याला त्यात अजिबात विचित्र वाटत नाही. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार म्हणवतात. निंबळक गावी राहिले म्हणून निंबाळकर झाले. कोणी हुद्द्यावरून देशमुख झाला, कोणी कुलकर्णी, कोणी पोतनीस. मराठी घराण्याला फांदी फुटली की फांदीला नवे नाव मिळते. गाव, हुद्दा, पराक्रम, क्वचित एखादे व्यंगसुद्धा जुन्या आडनावाला गिळून टाकते. म्हणून आपल्याकडे आडनावांची संख्या मोजता मोजता माणूस थकतो.

कोरियात फांदी फुटली तरी आडनाव हलत नाही. गाव त्याच्यामागे उभे राहते, त्याची जागा घेत नाही. शाखेला एखाद्या थोर पूर्वजाच्या नावाने 'पा', म्हणजे पाती, असे म्हणतात. पण ती पाती वंशावळीच्या ग्रंथात राहते. घराच्या दारावरच्या पाटीवर किम तो किमच. याचे मूळ दहाव्या शतकात आहे. इसवी सन ९१८ मध्ये वांग गन या सेनापतीने गोर्यो राज्य स्थापन केले. आपल्या बाजूला आलेल्या स्थानिक सरदारांना त्याने चिनी पद्धतीची एकाक्षरी आडनावे बहाल केली. पुढे त्या सरदारांची नोंद ज्या त्या परगण्याशी बांधली गेली, आणि आडनाव व परगणा ही जोडी म्हणजे राजमान्यता ठरली. आपल्या भाषेत सांगायचे तर ते जवळपास वतन होते. आडनाव ही सोयीसाठी घेतलेली खूण नसून प्रतिष्ठेची सनद होती. आणि सनद कोणी स्वतःच्या मनाने बदलत नाही. नवे आडनाव घडवणे म्हणजे, मला सनद नाही, अशी कबुली देण्यासारखेच होते.

वरच्या बाजूने आडनावे वाढत नव्हती, हे झाले अर्धे उत्तर. उरलेले अर्धे खालच्या बाजूला आहे, आणि ते अधिक रोचक आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोरियावर जोसन राजवंशाचे राज्य होते. त्या समाजात 'यांगबान' हा विद्वान-अधिकाऱ्यांचा उच्च वर्ग, त्याखाली शेतकरी आणि सामान्यजन, आणि सर्वांत खाली गुलाम अशी उतरंड होती. गुलामांची संख्या मोठी होती आणि त्यांना आडनाव नसे. सामान्य कुटुंबातील प्रौढ पुरुषावर लष्करी सेवेचे दायित्व होते आणि ती न करणाऱ्याने कापड भरायचे होते. वर्षाला दोन ठाण. १७५० मध्ये ते एक ठाण केले गेले. एक ठाण म्हणजे थोडे, असे वाटेल. पण घरात तीन प्रौढ पुरुष असले की तीन ठाण, आणि कापूस पिकवून, सूत कातून, विणून ते द्यायचे. यांगबान मात्र या करातून मुक्त होता. म्हणजे प्रतिष्ठित कूळ हा मानाचा विषय होताच, पण त्याआधी तो घरातील कापडाचा प्रश्न होता.

दर तीन वर्षांनी सरकार प्रत्येक घराची नोंद करी. त्या नोंदवहीत घरधन्याचे मूळस्थान आणि त्याचा बाप, आजा, पणजा आणि आईचा बाप, अशी चार पूर्वजांची नावे लिहावी लागत. अशा वह्या काही परगण्यांत टिकून राहिल्या आहेत, आणि त्यांच्यामुळेच आज आपण एखाद्या कुटुंबाचा माग दोनशे वर्षे काढू शकतो. दक्षिणेकडील दान्सोंग परगण्याच्या वह्यांतून इतिहासकार क्वोन ने-ह्यॉन यांनी असा एक माग काढला आहे. १६७८ च्या वहीत सिम नावाच्या एका यांगबान घराचा गुलाम म्हणून सुबोंग नावाचा माणूस आढळतो. नुसता सुबोंग, ना आडनाव, ना मूळस्थान. १७१७ च्या वहीत तोच सुबोंग मुक्त नागरिक आहे, त्याला किम हे आडनाव आहे, मूळस्थान गिम्हे आहे, आणि सरकारला धान्य देऊन मिळवलेली मानाची पदवीसुद्धा आहे. त्याच्या पुढच्या पिढ्या तरीही सामान्यजनांतच राहिल्या, लष्करी सेवेची ओझी वाहत राहिल्या. एकोणिसाव्या शतकात पोहोचता पोहोचता त्यांच्या नावापुढे 'युहाक', म्हणजे विद्यार्थी, असा शब्द दिसू लागतो. हा परीक्षेची तयारी करणाऱ्या, पण पद न मिळालेल्या यांगबानाचा दर्जा. आणि त्याला कर माफ. त्यातही एक सूक्ष्म गंमत आहे. वंशजांपैकी काहींनी वाटेत आपले मूळस्थान गिम्हेवरून आन्दोंग केले. कारण उघड आहे. जो तो गिम्हे किम होऊ लागला तेव्हा त्या नावाचा भाव उतरला, आणि एकोणिसाव्या शतकात दरबारात आन्दोंग किम घराण्याची चलती होती.

कूळ उसने घेतले आहे, हे कसे ओळखावे, तर ते असे. एका नोंदीने काही कळत नाही. पण तेच घर, त्याच गावी, ओळीने लागणाऱ्या नोंदींत पाहिले की आडनाव कोठे उगवले आणि मूळस्थान कोठे सरकले, ते स्पष्ट दिसते. माणसाचे पूर्वज मरण पावल्यावर गाव बदलत नसतात. वहीत ते बदलले असतील, तर बदलणारा हात जिवंत माणसाचा असतो.

सुबोंगचे घर एकटे नव्हते. तेगू परिसराच्या वह्या सांगतात की १६९० मध्ये तेथे शंभरातील जेमतेम नऊ घरे यांगबान होती. १८५८ मध्ये सुमारे सत्तर. एवढी संतती कोणत्याही वर्गाला होत नाही. लोक वर चढले होते. वर चढण्याच्या शिडीला 'जोकबो' म्हणतात, म्हणजे कुळाची छापील वंशावळ. आपल्याकडे विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले गेले, तशीच ती. फक्त कोरियात त्यांचे छपाईचे वेड काही शतके जुने आहे. जिथे छापील वंशावळ आली तिथे तिची पानेही विकाऊ झाली. १७६४ मध्ये राजधानीत एक प्रकरण उघडकीस आले, ते राजवृत्तांतात नोंदले आहे. एका सरकारी दुभाष्याने खासगीरीत्या छापण्याचे खिळे बनवले होते. निरनिराळ्या कुळांच्या वंशावळी गोळा करून, लष्करी करातून सुटू पाहणाऱ्या खेडुतांची नावे तो त्यांत घाली आणि जुने पान काढून नवे बसवी. हा त्याचा चरितार्थ होता. या दुभाष्याचे आडनावही किम होते, पण त्यात आता आपल्याला आश्चर्य वाटू नये.

१८९४ च्या सुधारणांनी गुलामगिरी आणि वर्गभेद कायद्याने संपवले. १९०९ मध्ये नवा नोंदणी कायदा आला आणि प्रत्येकाला आडनाव सांगणे भाग पडले. ज्यांना ते नव्हते त्यांनी काय करावे? शेजारच्या जपानात १८७५ मध्ये हीच सक्ती झाली, तेव्हा लोकांनी सपाट्याने नवी नावे रचली. शेताच्या मध्यभागी राहणारा तानाका, डोंगराच्या पायथ्याचा यामामोतो. आज जपानात एक लाखाहून अधिक आडनावे आहेत. कोरियन माणसाने तसे केले नाही, कारण त्याच्या देशात नवे आडनाव म्हणजे कालपर्यंत गुलाम असल्याचा दाखला. त्याने आपल्या जुन्या मालकाचे किंवा परिसरातील सर्वांत मोठ्या कुळाचे नाव घेतले. जे आधीच सर्वांत मोठे, ते त्यामुळे आणखी मोठे झाले. आज किम म्हणवणाऱ्या एक कोटी लोकांत राजाचे खरे वंशज किती आणि उसने वंशज किती, हे कोणाला सांगता येणार नाही. आणि माझ्या मते ते शोधण्यात फारसे शहाणपणही नाही. आपल्या शहाण्णव कुळांच्या याद्यासुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. ज्या घराला तलवारीने किंवा नांगराने बरे दिवस आले, त्या घराला पुढे वंशही मिळाला, हे आपल्याही इतिहासात घडलेले आहे.

आपल्याकडील पाटील हे आडनाव या संदर्भात उगाच आठवते. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत. गावोगाव पाटील असल्यामुळे, दोन पाटील भेटले तर आपण पहिला प्रश्न विचारतो, 'कुठले?' म्हणजे आपल्यालाही मूळगाव लागतेच. पाटीलकीचे वतन १९६२ च्या कायद्याने गेले, आडनाव राहिले. पण आपण पाटलाला पाटलाची मुलगी करताना आडनावाला अडत नाही. आपण अडतो देवकाला. मोऱ्यांचे मोरपीस, कदमांचा कळंब. देवक एक तर सोयरीक नाही. कोरियन माणसाचे देवक म्हणजे त्याचे मूळस्थान.

आणि तेथे हा प्रश्न केवळ चालीरीतीचा राहिला नाही, तो कायद्यात जाऊन बसला. १९५८ मध्ये संमत होऊन १९६० पासून अमलात आलेल्या नागरी संहितेच्या ८०९ व्या कलमाने, आडनाव आणि मूळस्थान एक असलेल्या स्त्रीपुरुषांचा विवाह निषिद्ध ठरवला. नाते किती पिढ्यांमागचे, याला काही महत्त्व नव्हते. त्याचा अर्थ ध्यानात घ्या. गिम्हे किम तरुणाला महाविद्यालयात जी मुलगी आवडे, ती गिम्हे किम असण्याची शक्यता अकरात एक. दोघांचा समान पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या अंड्यातून निघालेला. त्यातही एकाचा पणजोबा कदाचित नोंदणी कचेरीत किम झालेला. तरीही विवाह नोंदवता येत नसे. जोडपी तशीच संसार करीत. पण कायद्याच्या लेखी ती पत्नी पत्नी नव्हती, आणि मुलांची नोंद औरस संतती म्हणून होत नसे. वारसा, विमा, नोकरीतील कुटुंबसवलती सारेच अडे. पत्रिका जुळत नाही म्हणून मोडलेली लग्ने आपण पाहिली आहेत; येथे प्रत्यक्ष शासनच पत्रिका पाहत होते.

शासनालाही ते जड जात होते, हे यावरून दिसते की १९७८, १९८८ आणि १९९६ अशी तीन वेळा, एकेका वर्षापुरती, अशा जोडप्यांना नोंदणीची खिडकी उघडण्यात आली. तिन्ही वेळा मिळून सुमारे ४५ हजार जोडप्यांनी तिचा लाभ घेतला. कायद्याला इतक्या वेळा सुट्टी द्यावी लागते, तेव्हा तो कायदा लोकांच्या जीवनाशी जुळत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही. अखेर १६ जुलै १९९७ रोजी तेथील घटना न्यायालयाने हे कलम घटनेशी विसंगत ठरवले. कन्फ्यूशियसपंथी विद्वानमंडळींनी मोठा विरोध केला. ही आमची प्राचीन परंपरा, असे त्यांचे म्हणणे. पण गोर्योच्या राजघराण्यात सावत्र बहिणीशी विवाह झालेले आहेत, आणि १४७६ साली छापलेल्या आन्दोंग क्वोन कुळाच्या वंशावळीत मुलींचे वंशजही मुलांच्या बरोबरीने नोंदले आहेत. केवळ पित्याकडून चालणारे कठोर कूळ ही जोसन काळाच्या उत्तरार्धातील घडण आहे. ज्याला आपण सनातन समजतो ते पुष्कळदा चार-पाच पिढ्यांपूर्वीचे असते. संसदेला कलम बदलायला २००५ साल उजाडले. आता बंदी आहे ती आठव्या पायरीपर्यंतच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे ढोबळमानाने ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत त्यांच्यापर्यंत.

आपण हा प्रश्न निराळ्या रीतीने आणि पुष्कळ आधी सोडवला, हे येथे नमूद करायला हवे. सगोत्र विवाहाची कायदेशीर अडचण १९४६ च्या कायद्याने दूर झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने गोत्राऐवजी सपिंड नाते पाहिले. पित्याकडून पाच पिढ्या, मातेकडून तीन. रूढी ज्याला पाळायची तो आजही गोत्र आणि देवक पाळतो. न्यायालय त्याच्या आड येत नाही आणि दुसऱ्यावर ते लादतही नाही. गोत्र पाहणाऱ्या समाजाने गोत्राचे कायद्यातील स्थान स्वतःहून सोडले.

आणखी एक फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि तो याच नगरीने दाखवला आहे. कोरियन माणूस शपथ घेताना म्हणतो, 'हे खोटे ठरले तर मी आडनाव बदलीन.' त्याच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की नाही. तेथे लग्न झालेली स्त्रीदेखील माहेरचेच आडनाव लावते. नवऱ्याच्या कुळात ती आयुष्यभर परक्या आडनावाची राहते. दत्तक घ्यायचा तर जोसन काळात तो आपल्याच कुळातून, पुतण्याच्या पिढीतील मुलगा घ्यावा लागे. १९४० मध्ये जपानी सत्तेने जपानी धर्तीची नावे घेण्याची सक्ती केली आणि सहा महिन्यांत सुमारे ऐंशी टक्के कुटुंबांनी ती घेतली, तेव्हाही अनेक किमांनी कानेमोतो, कानेदा अशी नावे निवडली. का, तर 'काने' लिहिण्याचे अक्षर तेच, सोन्याचे. नाव परके झाले तरी आतले अक्षर त्यांनी राखले. स्वातंत्र्यानंतर, १९४६ मध्ये, जुनी नावे परत मिळाली.

आता याच्यासमोर आपले उदाहरण ठेवा. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव नावाचा नऊ वर्षांचा मुलगा करवीरच्या गादीवर दत्तक आला. घाटगे हे वेगळे कूळ. पण दत्तकविधान झाले आणि तो मुलगा शाहू छत्रपती भोसले झाला. त्याच्या भोसलेपणात कोणाला न्यून वाटले नाही. काटेकोर कोरियन पंडिताला हे कळणे कठीण. त्याच्या हिशेबी रक्त वाहते तेथेच कूळ. आपल्या हिशेबी संस्कार झाला की कूळ.

आता शेवटची गोष्ट. २००० च्या जनगणनेत कोरियात एतद्देशीय आडनावे भरली २८६. २०१५ मध्ये आकडा साडेपाच हजारांवर गेला. ही काही कोरियन कुळांना फांद्या फुटल्या म्हणून नव्हे. लग्नाने किंवा कामधंद्याने येऊन नागरिक झालेले परदेशी लोक आपापली नावे घेऊन आले, त्यांची ही भर. त्यांतील अनेकांना न्यायालयाच्या परवानगीने नवे आडनाव आणि नवे मूळस्थानही घेता येते, आणि तो माणूस एका नव्या कुळाचा मूळ पुरुष होतो. जर्मनीत जन्मलेले ली चाम हे पुढे कोरियाच्या पर्यटन महामंडळाचे प्रमुख झाले. ते 'जर्मनी ली' कुळाचे संस्थापक. उद्या आपल्यापैकी कोणाचा मुलगा तेथे स्थायिक होऊन नागरिक झाला, तर तेथील वहीत मूळस्थानाच्या रकान्यात 'कोल्हापूर' असे लिहून घेण्याचा आग्रह त्याने धरायला हरकत नाही. आडनाव पाटील लिहिले, तरी तेथे तो एकटाच पाटील असेल.